चाळीस-पन्नास रुग्ण, वीस तुलना आणि एक उत्तरपत्र

वैद्यकीय संशोधनातला एक पत्रव्यवहार आतापर्यंत वाचकांच्या नजरेला क्वचितच पडत असे. संशोधक आपला निबंध जर्नलकडे पाठवतात. संपादक तो त्याच विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे तपासायला देतात. हे परीक्षक मुद्दे काढतात आणि संशोधकांना प्रत्येक मुद्द्याला लेखी उत्तर द्यावं लागतं. छापला जातो तो निबंध, हे उत्तरपत्र मात्र संपादकाच्या कपाटात राहतं. जून २०२५मध्ये 'नेचर'नं जाहीर केलं, की यापुढे त्यांच्याकडे येणारा नवा संशोधन निबंध छापला गेला तर परीक्षकांचे अभिप्राय आणि लेखकांची उत्तरंही त्याच्यासोबत प्रसिद्ध होतील. 'बीएमजे'सारखी काही नियतकालिकं हे आधीपासून करत आहेत. म्हणजे निबंधात न दिसणारी कच्ची बाजू आता कुणालाही वाचता येईल.

अशी पत्रं मी लिहिली आहेत आणि परीक्षक म्हणून वाचलीही आहेत. मानसोपचाराच्या निबंधांवर दोन आक्षेप जवळपास ठरलेले असतात. पहिला, रुग्ण फार कमी आहेत. दुसरा, तुलना फार केल्या आहेत. लेखक या दोन्ही आक्षेपांना सुटंसुटं उत्तर देतात आणि तिथंच चूक होते. कशी ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत. पण असे निबंध दरवर्षी टेबलावर येतात.

समजा, मुळशी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात उदासीनतेच्या म्हणजे डिप्रेशनच्या रुग्णांवर अभ्यास झाला. ४८ रुग्ण घेतले. सगळ्यांच्या गोळ्या चालू होत्या. चिठ्ठ्या टाकून २४ जणांना गोळ्यांसोबत आठवड्यातून दोनदा प्राणायाम शिकवला, उरलेल्या २४ जणांना फक्त गोळ्या. आठ आठवड्यांनी सगळ्यांची तपासणी केली. उदासीनता मोजायला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरली. तिचे गुण ० ते २७ असतात आणि जास्त गुण म्हणजे त्रास जास्त. तेवढ्यावर न थांबता चिंता, झोप, भूक, स्मरणशक्ती, एकाग्रता, रक्तदाब, नाडी, कामाचे बुडालेले दिवस असं एकूण वीस गोष्टींचं मोजमाप झालं. रुग्ण आलाच आहे, तर घ्या अजून एक प्रश्नावली भरून, हा मोह आम्हा सगळ्यांनाच होतो.

निकाल असा आला. पीएचक्यू-९मध्ये प्राणायामाचा गट सरासरी २ गुणांनी बरा, पण हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. झोप, चिंता आणि स्मरणशक्ती या तीन गोष्टींमध्ये मात्र 'पी' अनुक्रमे ०.०३, ०.०४ आणि ०.००८ निघाला. 'पी' म्हणजे, उपचाराचा काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. ती ०.०५च्या खाली, म्हणजे विसात एकाहून कमी असेल, तर फरक 'लक्षणीय' मानायची प्रथा आहे. लेखकांनी शीर्षक दिलं: 'प्राणायामामुळे उदासीनतेच्या रुग्णांची स्मरणशक्ती, झोप व चिंता यांत लक्षणीय सुधारणा'. पीएचक्यू-९चा आकडा गेला तिसऱ्या तक्त्यात.

परीक्षक लिहितो: रुग्ण ४८च का? आणि वीस तुलना करून त्यांतल्या तीन दाखवताना काही दुरुस्ती का केली नाही?

दुसरा आक्षेप आधी घेऊ, कारण तो शेतावर चटकन कळतो. मुळशीतला आंबेमोहोर प्रसिद्ध आहे. एकाच शेताचे वीस वाफे पाडा आणि सगळ्यांत तेच आंबेमोहोराचं बी लावा. कापणीला प्रत्येक वाफ्याचा उतारा सारखा येणार नाही. कुठं पाणी थोडं जास्त थांबलं असेल, कुठं उंदरांनी हात मारला असेल. एक वाफा सगळ्यांत सरस ठरणारच. आता त्या वाफ्यावर वेगळ्या वाणाची पाटी लावून फोटो काढला, तर बघणाऱ्याला वाण सापडल्यासारखं वाटेल. शेतीच्या प्रयोगांत ही फसगत फार जुनी आहे. पानसे आणि सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांनी १९५४ साली कृषी संशोधकांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यावर देशातल्या कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या शिकल्या. वाणांची तुलना करणाऱ्यांना ही सावधगिरी अंगवळणी पडली, आम्हा डॉक्टरांना ती बरीच उशिरा सुचली.

आकड्यांत सांगायचं, तर कशाचाच काही परिणाम नसताना वीस स्वतंत्र तुलना केल्या, तर त्यांतली निदान एक तरी 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के असते. यावरचा सर्वांत सोपा उपाय इटालियन गणितज्ञ बॉनफेरोनी याच्या नावानं ओळखला जातो: ०.०५ला तुलनांच्या संख्येनं भागायचं. वीस तुलना असतील, तर उंबरठा होतो ०.००२५. आपल्या उदाहरणातली स्मरणशक्ती ०.००८वर आहे. ती हा उंबरठा ओलांडत नाही. झोप आणि चिंता तर फारच दूर राहतात. याहून सौम्य पद्धती आहेत. बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांची १९९५ची पद्धत त्यांत सर्वाधिक वापरली जाते. तिनं तपासलं, तरी या तिघांतलं एकही टिकत नाही.

लेखकांना इथं एक रास्त बचाव आहे आणि तो त्यांनी करावाही. या वीस गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र नाहीत. ज्याची झोप सुधारते त्याची चिंता कमी होते, लक्षही लागतं. अशा वेळी बॉनफेरोनीची कात्री गरजेपेक्षा जास्त कापते. पण म्हणून कात्रीच नको, असं होत नाही. तीन तुलना एकमेकींना बांधलेल्या असतील, तर त्या तीन पुरावे नसून एकाच पुराव्याच्या तीन प्रती आहेत, हेही त्याच पत्रात मान्य करावं लागतं.

आता पहिला आक्षेप. कमी रुग्णांबद्दलचं जे उत्तर मी सर्वांत जास्त वेळा वाचलं आहे, ते साधारण असं असतं: 'परीक्षकांचा मुद्दा योग्य आहे. तथापि, नमुना लहान असूनही फरक लक्षणीय आला, यावरून परिणाम किती प्रबळ आहे हेच दिसतं.' वाचायला हे वाक्य इतकं पटतं, की मी स्वतः ते लिहिलेलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांतला निबंध होता. संपादकांनी ते उत्तर मान्य केलं, निबंध छापून आला, मी पेढे वाटले. त्या वाक्यात काय चूक आहे हे कळायला मला आणखी पाच-सहा वर्षं लागली.

चूक अशी आहे. आपल्या उदाहरणात पीएचक्यू-९चे गुण रुग्णागणिक साधारण ५ गुणांनी इकडेतिकडे होतात असं धरू. गटात २४-२४ रुग्ण असताना दोन सरासऱ्यांमधला फरक 'लक्षणीय' ठरायला तो निदान २.९ गुणांचा यावा लागतो. त्याखालचा कुठलाही फरक कसोटीत नापासच होणार. आता समजा, प्राणायामाचा खरा फायदा २ गुणांचा आहे. मग हाच अभ्यास चार ठिकाणी केला, तर त्यांतल्या जेमतेम एका ठिकाणी 'लक्षणीय' निकाल येईल. ज्या ठिकाणी येईल, तिथं आकडा २.९ किंवा त्याहून मोठाच असेल. म्हणजे खऱ्या फायद्याच्या जवळपास दीडपट किंवा त्याहूनही जास्त. उरलेल्या तीन ठिकाणचे अभ्यास कपाटात जातील, कारण त्यांत 'काही निघालं नाही'.

म्हणून लहान नमुन्यात जिंकलेला आकडा प्रबळ नसतो, फुगलेला असतो. आणि तुलना वाढवल्या की हा फुगा आणखी वाढतो. बॉनफेरोनीचा ०.००२५चा उंबरठा लावला, तर २४-२४च्या गटात पास व्हायला ४.६ गुणांचा फरक लागेल. खऱ्या २ गुणांच्या फायद्याला हा अभ्यास पकडूच शकत नाही. परीक्षकाचे दोन आक्षेप हे असे एकाच दुखण्याची दोन लक्षणं आहेत. एका उत्तरात 'नमुना लहान आहे, पण निकाल लक्षणीय आहे' म्हणायचं आणि दुसऱ्यात 'दुरुस्ती केली, तर नमुना लहान असल्यामुळे काहीच उरणार नाही' म्हणायचं, हे दोन्ही एकाच पत्रात मी पाहिलं आहे.

याची किंमत मानसोपचारानं मोजलेली आहे. २००३ साली 'सायन्स'मध्ये न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन इथला एक अभ्यास आला. ८४७ तरुण, मेंदूतल्या सिरोटोनिनची वाहतूक करणाऱ्या जनुकाचा एक प्रकार, आणि आयुष्यात आलेले आघात. या दोघांच्या जोडीनं उदासीनतेचा धोका वाढतो असा निष्कर्ष होता. ८४७ ही संख्या मोठी वाटते. पण जनुकाच्या प्रकारानुसार गट पाडा, मग आघातांच्या संख्येनुसार आणखी पाडा, की शेवटच्या खणात थोडीच माणसं उरतात. त्यानंतर असे शेकडो निबंध आले, बरेच याहूनही लहान नमुन्यांवर. २०१९ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री'मध्ये बॉर्डर आणि सहकाऱ्यांनी उदासीनतेशी जोडल्या गेलेल्या अशा १८ प्रसिद्ध जनुकांची एकत्र तपासणी केली. वेगवेगळ्या विश्लेषणांत माणसं होती ६२ हजारांपासून ४ लाख ४३ हजारांपर्यंत. त्या १८ जनुकांचा उदासीनतेशी संबंध, कुठलीही जनुकं डोळे मिटून उचलली असती तर जेवढा निघाला असता, त्याहून अधिक निघाला नाही. सोळा वर्षं, एवढ्या लोकांचं रक्त आणि लाळ, आणि शेवटी हाती हे.

मग आपल्या मुळशीच्या निबंधाचं प्रामाणिक उत्तरपत्र कसं असेल? पहिलं काम जुन्या कागदात आहे. अभ्यास सुरू करण्यापूर्वी नीतिमत्ता समितीकडे आराखडा दिलेला असतो. त्यात 'मुख्य निष्पत्ती' म्हणून काय लिहिलं होतं? पीएचक्यू-९ असेल, तर उत्तराची सुरुवात तिथून झाली पाहिजे: 'आराखड्यानुसार आमची मुख्य निष्पत्ती पीएचक्यू-९ ही एकच होती. त्यात २ गुणांचा फरक आढळला. ९५ टक्के खात्रीचा पल्ला उणे ०.९ ते अधिक ४.९ असा आहे.' या पल्ल्याला फार अर्थ आहे. प्राणायामानं किंचित बिघडलं असेल इथपासून ते बऱ्यापैकी फायदा झाला असेल इथपर्यंत काहीही या आकड्यांशी जुळतं. 'परिणाम नाही' असंही म्हणता येत नाही आणि 'परिणाम आहे' असंही नाही. ४८ रुग्णांनी एवढंच सांगितलं आहे.

दुसरं, वीसच्या वीस तुलनांचा तक्ता निबंधात घालायचा, दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारीशेजारी. तिसरं, जे लेखकांना सर्वांत जड जातं: शीर्षक आणि सारांश बदलायचा. अनेक पत्रांत दुरुस्ती मान्य होते, 'अभ्यासाच्या मर्यादा' या परिच्छेदात एक वाक्यही वाढतं, पण सारांशात स्मरणशक्ती तशीच 'लक्षणीय' सुधारलेली राहते. वाचणाऱ्यांतले बहुतेक सारांशाच्या पुढं जात नाहीत. वर्तमानपत्रात बातमी होते ती तिथूनच, आणि मग ओपीडीत कात्रण घेऊन कुणाची तरी सून विचारते, 'डॉक्टर, सासूबाईंच्या गोळ्या बंद करून हे श्वासाचं सुरू करू का?' अभ्यासात गोळ्या सगळ्यांच्याच चालू होत्या, हे कात्रणात नसतं.

दोन चुकीच्या पळवाटाही सांगायला हव्यात, कारण त्या कधी कधी परीक्षकच सुचवतात. एक म्हणजे, 'हाती आलेल्या निकालावरून अभ्यासाची ताकद काढून दाखवा.' निकाल आल्यावर त्याच आकड्यातून काढलेली ताकद ही 'पी'चीच दुसऱ्या चलनातली मोड असते, तिच्यातून नवं काही कळत नाही. लेखकांनी नम्रपणे तसं लिहावं आणि त्याऐवजी खात्रीचा पल्ला द्यावा. दुसरी म्हणजे, 'आणखी वीस रुग्ण घेऊन पुन्हा पाठवा.' निकाल पाहिल्यावर, तो उंबरठ्याजवळ आहे म्हणून रुग्ण वाढवायचे, पुन्हा पाहायचं, जमलं की थांबायचं. ही देखील लपलेली अनेक तुलनाच आहे. वाढीव रुग्ण घ्यायचेच असतील, तर तो नवा अभ्यास म्हणून नव्यानं नोंदवावा.

परीक्षकाला एक गोष्ट मात्र शहरात बसून कळत नाही, आणि ती उत्तरपत्रात लिहायला लाजू नये: रुग्ण कमी का मिळाले. मुळशी तालुक्याच्या एका टोकाला हिंजवडी आहे, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या घाटातल्या वाड्या. आषाढात धरणाच्या पलीकडं पाऊस लागला आणि भातलावणी सुरू झाली, की आठव्या आठवड्याच्या तपासणीला कोण येणार? मानसोपचाराची पाटी असलेल्या दारात उभं राहायला माणसं आजही कचरतात. जे पुन्हा येतात ते रस्त्यालगतचे, घरी मदत असलेले किंवा बरं वाटू लागलेले. त्यामुळे संख्येइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की गळालेले रुग्ण कोणत्या गटातले होते आणि गळताना त्यांची अवस्था काय होती. ४८पैकी १० गळाले आणि त्यांतले ८ प्राणायामाच्या गटातले असतील, तर २ गुणांच्या फरकाबद्दल बोलण्यातच अर्थ राहत नाही. पुष्कळ परीक्षक 'नमुना लहान' एवढंच लिहून थांबतात आणि हे विचारायचं राहून जातं.

हे सगळं नीट करता येतं का? शेजारच्या गोव्यात केलेलं आहे. विक्रम पटेल आणि 'संगाथ' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र उदासीनतेच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. तो २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेले सामान्य समुपदेशक होते. आराखडा आधीच प्रसिद्ध केलेला होता. त्यात मुख्य निष्पत्ती दोनच होत्या, त्रासाची तीव्रता आणि आजारातून बाहेर येणं, आणि दोन्ही तीन महिन्यांनी मोजायच्या असं ठरलेलं होतं. बाकी मोजमापं होती, पण ती दुय्यम म्हणून वेगळी ठेवलेली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. इतकी मोठी तफावत दोनच आधी ठरलेल्या कसोट्यांवर दिसली, म्हणून तिच्यावर विसंबता येतं.

आपल्याकडं एखादा उपचार अभ्यास असा होता की नाही, हे सामान्य वाचकालाही तपासता येतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री सर्वांसाठी खुली आहे. एप्रिल २०१८पासून तिथं पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. त्या नोंदीत मुख्य निष्पत्ती काय लिहिली आहे आणि निबंधाच्या सारांशात कशाचा गाजावाजा आहे, हे दोन शेजारी ठेवून बघायचं. दोन्हीकडं वेगळी नावं दिसली, तर उत्तरपत्र उघडून परीक्षकानं ते विचारलं का आणि लेखक काय म्हणाले, हे वाचावं.

उदाहरणातल्या निबंधाकडं परत येतो. परीक्षक म्हणून मी तो नाकारला नसता. शीर्षक बदलून 'मुळशी तालुक्यातील ४८ रुग्णांचा प्राथमिक अभ्यास' असं करायला लावलं असतं, स्मरणशक्तीबद्दलचं वाक्य 'पुढं तपासण्याजोगं' या रकान्यात टाकलं असतं आणि पुढच्या अभ्यासाचं गणित पत्रातच मागितलं असतं. २ गुणांचा फरक दहापैकी आठ वेळा सापडावा असं वाटत असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १०० रुग्ण हवेत. पाचांतला एक गळणार हे धरलं, तर एकूण २५०. एका तालुक्यात, एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या तीन वर्षांत हे जमत नाही. मावळ आणि भोरच्या दवाखान्यांना सोबत घ्यावं लागेल, प्रश्नावल्या वीसवरून तीनवर आणाव्या लागतील आणि लावणीच्या महिन्यांत तपासणीसाठी आपणच वाड्यांवर जावं लागेल.